पहाटेच्या शेती कार्यक्रमाला कानात राहणारं नाव

प्रश्न: तासगाव भागात आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. शेतकऱ्यांसाठी पहाटे साडेपाच ते सहा असा रोजचा कार्यक्रम सुरू करायचाय. बैठकीत पाच नावं निघाली: कृषिसमृद्धी प्रभात, शेतशिवार, पहाटवारा, बांधावरून आणि धारवेळ. एकदा ऐकलं की डोक्यात बसेल असं यातलं कुठलं? की दुसरंच शोधावं?

उत्तर:

यातलं 'धारवेळ' पुढे न्या, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका. सोबत आणखी एक नाव घ्या (ते खाली सुचवलंय) आणि दोन्ही नावं गोठ्यात, पहाटे साडेपाचला, छोट्या रेडिओवर वाजवून बघा. बाकीची चार का मागे पडतात हे नीट कळलं तर पुढची नावं तुम्हीच पारखाल, म्हणून आधी ते.

बैठकीत नाव फळ्यावर लिहितात आणि सगळे ते वाचतात. ऐकणारा मात्र त्या वेळी कुठं असतो ते डोळ्यांपुढे आणा. रेडिओ किंवा मोबाईल गोठ्यातल्या खुंटीला अडकवलेला, नाहीतर गव्हाणीच्या कडेला ठेवलेला. धार काढणारी व्यक्ती, बऱ्याच घरांत घरातली बाई, बादली गुडघ्यात धरून बसलेली. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळं आवाज वाढवता येत नाही, स्टेशन नीट लावता येत नाही आणि लिहून तर काहीच घेता येत नाही. रिकाम्या स्टीलच्या बादलीत पहिल्या धारा पडतात तेव्हा चर्र चर्र असा तीक्ष्ण, पत्र्यावर वाजल्यासारखा आवाज येतो. बादलीत चार बोटं दूध साचलं, फेस आला की तोच आवाज मऊ होतो. तुमचा कार्यक्रम सुरू होतो तो नेमका काही गोठ्यांत या चर्र आवाजाच्या वेळी.

या आवाजात आणि 'स', 'श' या अक्षरांत एक साम्य आहे. दोन्हींची ताकद वरच्या, किणकिणत्या पट्टीत असते, त्यामुळं एक दुसऱ्याला खातो. भरीला एफएमचा स्वतःचा खरखराट असतो. सामुदायिक केंद्राला प्रसारणाची ताकद 100 वॅटपर्यंतच मिळते आणि मनोऱ्याची उंची 30 मीटरपर्यंत. सपाटीवर 10 ते 15 किलोमीटर बरं ऐकू येतं. मध्ये डोंगर आला की त्याच्या आडचं गाव सावलीत जातं. कडेच्या गावांत आवाज फुसफुसत येतो आणि ती फुसफुसही वरच्याच पट्टीतली. म्हणजे 'स', 'श', 'फ', 'ह' ही अक्षरं आधी बुडतात. 'ध', 'भ', 'घ' यांच्यातला हकार झडतो आणि 'द', 'ब', 'ग' उरतात. टिकतो तो 'आ'. तोंड पूर्ण उघडून निघणारा हा स्वर सगळ्यांत दणकट. त्याच्या खालोखाल 'ए', 'ओ'. र, न, म, व, ळ ही घोष अक्षरं स्वराला चिकटून येतात, म्हणून तीही बऱ्यापैकी पोचतात.

आता तुमची यादी या कानानं ऐकू.

'कृषिसमृद्धी प्रभात' हे नाव कुणी तोंडानं घेणारच नाही. 'कृ', 'मृ', 'द्धी', 'प्र' अशी चार अडखळणी एका दमात आहेत. असं नाव दिलं की लोक आठवड्याभरात त्याला 'ते सकाळचं शेतीचं' म्हणू लागतात. तुकडे पाडून आठवायला गेलं तर 'समृद्धी' म्हटल्यावर महामार्ग आठवतो. याच्यावर जास्त वेळ घालवू नका.

'शेतशिवार' ऐकायला गोड आहे, पण त्यात दोन 'श' आहेत आणि दोन्ही शब्दांच्या तोंडाशी. सातारा-सांगलीकडच्या जुन्या बोलीत 'शिवार'चं 'सिवार' होतंच, त्यात गैर काही नाही. मात्र दोन्ही 'श' बुडाल्यावर कानाला 'एत-इवार' एवढंच लागतं. दुसरी अडचण 'शिवार' या शब्दाची. जलयुक्त शिवार योजनेनं तो गावोगावच्या फलकांवर नेला. नाव आठवताना योजना आठवली, तर 'ते सरकारी काहीतरी' असा समज होतो. तिसरं म्हणजे या भागात शेतकरी रोजच्या बोलण्यात 'रान' म्हणतो. 'रानात चाललोय', 'रान कोरडं पडलंय'. 'वावर' हा शब्द इथं परका वाटतो आणि 'शिवार' म्हणजे सगळ्या गावाची मिळून जमीन. एकट्याच्या जमिनीला साधा शब्द 'रान' हाच. योगायोगानं ध्वनीच्या दृष्टीनंही तो उत्तम आहे: 'र', त्यावर लांब 'आ', आणि 'न'. बुडण्यासारखं त्यात काही नाही.

'पहाटवारा' बैठकीत सगळ्यांना आवडलं असणार, कारण लिहिल्यावर ते कवितेसारखं दिसतं. तोंडात मात्र 'पहाट' हा शब्द टिकत नाही. बोलताना मधला 'ह' उडतो आणि 'पहाटे'चं 'फाटं' किंवा 'पाटं' होतं. आता 'पाट' म्हणजे कालव्याचं पाणी येतं तो पाट, आणि 'फाटा' म्हणजे रस्ता फुटतो ती जागा. इथवर चालून गेलं असतं. खरी फजिती पुढं आहे. खरखरीत कानावर '…आट-वारा' एवढंच पडलं तर शेतकऱ्याचं डोकं तिथं कोणता शब्द बसवेल? 'सातबारा'. अर्धवट ऐकलेल्या शब्दाच्या जागी मेंदू रोज कानावर पडणारा, जवळचा शब्द टाकतो, आणि शेतकऱ्याला सातबाऱ्याइतका जवळचा शब्द दुसरा नाही. मग केंद्रावर उताऱ्याच्या चौकशीचे फोन येतील.

पहाटेच्या नावांबद्दल आणखी एक. 'तांबडं फुटलं', 'उगवती', 'कासराभर' अशी सुंदर नावं सुचतात आणि मोह पडतो. पण सांगलीकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या पुढे. साडेपाचला जूनमध्ये पूर्वेकडे जेमतेम उजाडू लागलेलं असतं आणि जानेवारीत गुडुप अंधार. 'कासराभर' म्हणजे तर दिवस कासऱ्याएवढा वर आल्यावरची वेळ. तोवर तुमचा कार्यक्रम संपून दूध डेअरीत पोचलेलं असेल. नावातली वेळ वर्षातले सहा महिने खोटी ठरत असेल तर ते नाव घड्याळाला जोडलं जात नाही. आणि ऐकून लक्षात राहण्याचा अर्धा भाग घड्याळाला जोडलं जाणं हाच आहे. धारा काढायची वेळ मात्र सूर्यावर नाही, जनावराच्या सवयीवर चालते. बारा तासांच्या अंतरानं, उन्हाळा-हिवाळा जवळपास तीच.

'बांधावरून' या नावात ध्वनी ठीक आहे. 'बा' आणि 'धा' हे दोन दणकट 'आ' आहेत. पण मराठी माणसाच्या कानात 'बांधावरून' म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो: भांडण. बांध कोरला, बांध सरकवला, बांधावरून भावाभावांत कोर्टकज्जे. पहाटे पहाटे ते कशाला? आणि व्याकरणानंही हे नाव अडतं. हा मुद्दा बाकी सगळ्या नावांनाही लागतो, म्हणून जरा थांबून बघू.

मराठीत नाव जसंच्या तसं क्वचित बोललं जातं. त्याला काहीतरी चिकटतं. शेतकरी दुसऱ्याला सांगताना म्हणतो, 'काल अमक्यात सांगितलं', 'अमक्याला फोन लावला', 'अमक्यातली बाई म्हणाली'. म्हणून प्रत्येक नावाला 'त', 'ला', 'चं' लावून मोठ्यानं म्हणायचं. 'बांधावरून'ला आधीच 'वरून' लागलेलं आहे. 'बांधावरूनमध्ये सांगितलं' असं कोण बोलेल? 'पहाटवारा'चं 'पहाटवाऱ्यात' होतं. नावाचं शेपूट बदलतं आणि 'ऱ्या' मध्ये येतो. आकारान्त पुल्लिंगी नावांचं हे असंच होतं, वाऱ्यात, मळ्यात, गोठ्यात. म्हणजे निवेदक एक रूप ऐकवतो आणि गावात दुसरंच फिरतं. ईकारान्त स्त्रीलिंगी नावं या बाबतीत सरळ असतात: 'शिवारफेरी', 'शिवारफेरीत', काही बदलत नाही. 'धारवेळ'चं 'धारवेळेत', 'धारवेळेला' होतं. 'ळ'ला 'ए' जोडला जातो, पण धडाचा आवाज शाबूत राहतो. शिवाय 'धारवेळेला सांगितलं' या वाक्याचा अर्थ कार्यक्रमाचं नाव माहीत नसलेल्यालाही बरोबर लागतो: धार काढायच्या वेळेला सांगितलं. नाव विसरलेल्या माणसालाही बोलण्यातून ते परत सापडतं. असा फायदा फार थोड्या नावांना मिळतो.

तर 'धारवेळ'. याचे दोष लपवून उपयोग नाही.

पहिला दोष लांबीचा. बोलताना ते दोनच ठोक्यांत संपतं: धार्-वेळ्. कानाला सावध व्हायला अर्धा क्षण लागतो. तेवढ्यात पहिला ठोका निसटला तर हातात '…वेळ' उरतं आणि त्याला काही अर्थ नाही. एकट्यानं उभं राहायला तीन ते पाच ठोक्यांचं नाव बरं. दोन ठोक्यांच्या नावाला पुढं एक ठरलेलं वाक्य लागतं. ते कायम तेच ठेवायचं, उदाहरणार्थ: 'रामराम मंडळी. साडेपाच वाजले. ही धारवेळ.' यातलं 'ही' कानाला जागं करतं. नाव वाक्याच्या शेवटी येतं आणि त्यानंतर अर्धा सेकंद शांतता ठेवायची. निवेदक बहुतेक वेळा इथंच चुकतो. नाव घेतो आणि त्याच श्वासात पाहुण्याची ओळख सुरू करतो. मग नावाचा शेवट पुढच्या शब्दाखाली दबतो.

दुसरा दोष हकाराचा. कडेच्या गावात 'धार'चं 'दार' ऐकू येणार हे धरूनच चाला. अशा वेळी विचारायचं ते एवढंच की चुकीचं ऐकलेलं नाव कुठं जाऊन पडतं. 'सातबारा'वर पडलं की तोटा. इथं 'दारवेळ' ऐकलं तर पाणी देणाऱ्याला 'दारं धरायची वेळ' वाटेल. वाफ्याला, सरीला पाणी वळवणं म्हणजे दारं धरणं, तेही पहाटेचंच काम. 'धारवेल' ऐकलं तर द्राक्षाचा वेल आठवेल, आणि तासगावात त्याचं कुणाला वावडं नाही. म्हणजे नाव बिघडलं तरी रानातच पडतं. एक खोडी मात्र होऊ शकते. गावातली पोरं 'दारूवेळ' म्हणून टिंगल करू शकतात. चाचणीत विशी-पंचविशीतली चार-पाच मुलं मुद्दाम घ्या आणि नाव ऐकून त्यांना हसू येतं का बघा. एखाद्यानं एकदा केलेली थट्टा चालते, पण पाचांपैकी तिघांना तेच सुचलं तर नाव सोडून द्या.

तिसरा दोष अर्थाचा, आणि तो सगळ्यांत खरा. तुमचा भाग द्राक्ष-बेदाण्याचा. ज्याच्या दारात जनावर नाही अशा बागायतदाराला हा दुभत्या जनावरांचा कार्यक्रम वाटेल. तो रेडिओ लावणारच नाही, मग नाव लक्षात राहण्याचा प्रश्नच येत नाही. यावर उपाय म्हणून नावातच द्राक्ष घुसवू नका. पिकाचं नाव दिलेला कार्यक्रम छाटणीपासून काढणीपर्यंत गाजतो आणि नंतर ओस पडतो. त्यापेक्षा एक कायमचं शेपूट जोडा: 'धारवेळ, रानातल्या माणसांसाठी.' पहिले काही आठवडे द्राक्ष, ऊस, हळद यांतला एखादा विषय नावानंतरच्या पहिल्याच मिनिटात ठेवा. नाव वेळ सांगेल आणि पहिलं मिनिट विषय सांगेल.

'शेतकरी' हा शब्द नावात किंवा शेपटात न घातलेला बरा. व्याकरणानं तो दोघांचा असला तरी कानाला तो पुरुषाचाच वाटतो, त्यात 'शेतकरी बंधूंनो' म्हटलं की संपलंच. धार काढत ऐकणारी बाई पहिल्या दहा सेकंदांत ठरवते की हे आपल्याला चाललंय की नाही. 'मंडळी' म्हटलं की दोघंही आले.

सोबतीचं दुसरं नाव सुचवतो: 'रानगप्पा'. तीन ठोके, रान्-गप्-पा. 'श' नाही, हकार नाही, 'प्प'चा ठणका मधोमध आहे आणि शेवट उघड्या 'आ'वर. 'रानगप्पांत ऐकलं' हे सहज बोललं जातं. याचा कच्चा दुवा म्हणजे 'गप्पा' या शब्दाचा हलकेपणा. 'नुसत्या गप्पा हाणतोय' हे आपणच म्हणतो. औषधाचं प्रमाण, फवारणीची वेळ अशा गोष्टी सांगायच्या असतील तर लोक त्या गप्पांवर किती विसंबतील? कार्यक्रमाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या मुलाखतीचा असेल तर हे नाव शोभेल. सल्ल्याचा असेल तर माझा कल 'धारवेळ'कडेच राहील.

आता चाचणी. खर्च नगण्य, वेळ चार दिवस. 'धारवेळ', 'रानगप्पा' आणि तुलनेला बैठकीचं लाडकं 'पहाटवारा' अशी तीन नावं घ्या. लाडकं नाव मुद्दाम घ्यायचं, नाहीतर ते हरलं हे कुणी मान्य करणार नाही. एकाच निवेदकाच्या आवाजात, एकाच मजकुराची, दोन मिनिटांची तीन ध्वनिमुद्रणं करा. मजकूर साधा ठेवा, उदाहरणार्थ भुरी रोगासाठी बाग कधी बघायची. नाव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, बस्स. जास्त वेळा घेतलंत तर कुठलंही नाव लक्षात राहील आणि काही कळणार नाही.

एका नावाला 8 गोठे, म्हणजे एकूण 24. एका घरात एकच नाव वाजवायचं. तिन्ही ऐकवून 'कुठलं आवडलं?' विचारलं की लोक परीक्षकाच्या भूमिकेत जातात आणि जड नाव निवडतात. आवड आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 8 पैकी 3 घरं केंद्राजवळची, 3 मधल्या अंतरावरची, 2 कडेच्या गावातली घ्या. निम्म्या तरी बायका असाव्यात आणि साठीच्या पुढचे दोघं. वाजवायला चांगला स्पीकर नेऊ नका. त्यांच्याच घरातला रेडिओ किंवा मोबाईल वापरा, आणि चाचणी प्रसारणाची सोय असेल तर हवेतूनच ऐकवा. कडबा कुट्टीचं यंत्र चालू असताना चाचणी घेण्यात अर्थ नाही. त्या आवाजात कुणी रेडिओ ऐकत नाही, कुठलंच नाव टिकणार नाही.

लगेच काही विचारायचं नाही. पहिल्यांदा विचारायचं ते दूध घालायला संकलन केंद्रावर आल्यावर, म्हणजे तासा-दीड तासानं. दूध घालायला घरातलं दुसरंच कुणी येत असेल तर ऐकणाऱ्याच्या घरी जाऊन विचारा. दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर. प्रश्न एकच: 'पहाटे रेडिओवर काय लागलं होतं?' दुसऱ्या दिवशी फक्त 'काल पहाटे' म्हणायचं. पहिलं अक्षर सुचवायचं नाही. उत्तर जसं उच्चारलं तसंच लिहायचं, शुद्ध करून नाही. 'दारयेळ' म्हणाले तर 'दारयेळ' लिहा. इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'वेळ'चं 'येळ' होतंच. ती चूक धरू नका, तो बोलीतला उच्चार आहे. नाव जसंच्या तसं किंवा बोलीच्या रूपात आलं तर 2 गुण, बदललं पण ओळखू येतंय तर 1, गेलं किंवा भलतंच आलं तर 0. एका नावाला जास्तीत जास्त 16.

समजा दुसऱ्या दिवशीचा कागद असा आला. धारवेळ: चौघांनी बरोबर सांगितलं, दोघांनी 'धारेची वेळ' म्हटलं, दोघांना आठवलं नाही. गुण 10. रानगप्पा: तिघांचं बरोबर, चौघांनी 'गप्पागोष्टी' सांगितलं, एकाला नाही. गुण 10. पहाटवारा: दोघांचं बरोबर, एकानं 'पाटाचा वारा' म्हटलं, दोघांनी सातबाऱ्याचं काहीतरी, तिघांना नाही. गुण 5. पहिल्या दोघांचे गुण सारखे असले तरी कागद सारखा नाही. 'धारेची वेळ' म्हणणाऱ्याला नावाचा अर्थ कळलाय. दोनदा ऐकल्यावर तो मूळ रूपावर येईल. 'गप्पागोष्टी' म्हणणाऱ्याच्या डोक्यात नाव घसरून अशा शब्दावर पडलंय जो दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमाला लागू होतो, आणि त्याला तिथून हलवणं अवघड. धारवेळ न आठवलेले दोघंही कडेच्या गावातले निघाले तर तो दोष ऐकू येण्याचा आहे, नावाचा नाही. निवेदकाला 'धा' जरा लांबवायला सांगा आणि तिथंच पुन्हा वाजवून बघा. जवळच्या गावातले निघाले तर मात्र दोष नावाचाच. 8 माणसांतून एवढंच कळतं, मोठं भोक कुठं आहे ते. 10 आणि 11 यांतला फरक म्हणजे काहीच नाही, त्यावरून वाद घालू नका.

एक जोडचाचणी फोनची. नाव बरोबर सांगणाऱ्याला म्हणायचं की पाहुण्याला मोबाईलवरून हे नाव सांगा, आणि पाहुण्यानं परत म्हणून दाखवायचं. फोनवर आवाजाची वरची पट्टी बरीच कापली जाते, त्यात शेतात नेटवर्क तुटकं. गावात नाव पसरतं ते असंच, म्हणून ही परीक्षा रेडिओच्या परीक्षेइतकीच महत्त्वाची.

नाव ठरवायच्या आधी ते तुमच्या केंद्राच्या नावाशेजारी ठेवून म्हणून बघा. या पट्ट्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यातली येरळावाणी आहे आणि आकाशवाणीची किसानवाणी लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलीय. 'वाणी' आणि 'वाहिनी' या शेपटांची आधीच गर्दी झालीय. तुमच्या केंद्राच्या नावात यातलं एक असेल तर कार्यक्रमाच्या नावात ते येता कामा नये, नाहीतर दोन्ही मिसळतात. 'कृष्णा'चंही तसंच. नदी आपली आहे, पण कारखान्यापासून दुकानापर्यंत इतक्यांनी ते नाव घेतलंय की नुसतं ऐकून कशाबद्दल चाललंय ते कळत नाही. ठरलेलं नाव ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग 38 आणि 41 मध्ये एकदा बघून घ्या, त्याला दहा मिनिटं लागतात.

प्रसारण सुरू झाल्यावर अर्ध्या तासात नाव पाच वेळा यावं: सुरुवातीला, साधारण आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या मिनिटाला, आणि शेवटी. मधली तीन का, तर ऐकणारे एकदम येत नाहीत. एकाची धार साडेपाचला सुरू होते, दुसऱ्याची पावणेसहाला. दर वेळी नावाचं रूप तेच ठेवा. कधी 'धारवेळ', कधी 'आपली धारवेळ', कधी 'धारवेळ कार्यक्रमात आपलं स्वागत' असं केलंत तर कानाला तीन वेगळी नावं ऐकू येतात. प्रायोजक मिळाला तर त्याचं नाव कार्यक्रमाच्या नावाला चिकटवू देऊ नका. ते वेगळ्या वाक्यात, नावाच्या आधी घ्या. आतल्या सदरांना स्वतंत्र फॅन्सी नावं देण्याचा मोह होईल. हवामानाला 'हवामान' म्हणा आणि बाजारभावाला 'बाजारभाव'. एका कार्यक्रमात लक्षात ठेवायला एकच नवीन शब्द पुरे.

सुरुवातीच्या धूनमध्ये बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज घालावा असं कुणीतरी सुचवेलच, आणि कल्पना चांगली आहे. पण तो आवाज नावाच्या खाली चालू ठेवू नका. वर सांगितलेली चर्रचर्र हीच, ती नाव खाते. पाच-सहा सेकंद धारा वाजू द्या, तोडा, अर्धा सेकंद पूर्ण शांतता, मग 'रामराम मंडळी. साडेपाच वाजले. ही धारवेळ.' ध्वनिमुद्रण भरत आलेल्या बादलीचं करा, रिकाम्या नाही. भरल्या बादलीतला आवाज मऊ, जाडसर असतो, रेडिओवर दूधच वाटतो. रिकाम्या बादलीतला छोट्या स्पीकरवर स्टेशन नीट न लागल्याच्या खरखरीसारखा ऐकू येतो, आणि माणूस धार सोडून स्टेशन लावायला उठतो.